तांबे-चांदी घटाचे गणित: घटाचा विभव कसा काढावा आणि संहती बदलल्यावर तो किती सरकतो

बारावीच्या विद्युतरसायनशास्त्रात सेल पोटेन्शियलचे, म्हणजे घटाच्या विभवाचे, गणित बहुतेक ठिकाणी जस्त-तांबे घटावर शिकवले जाते. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी 1836 मध्ये तयार केलेला हा घट समजायला सोपा आहे. पण सरावाच्या दृष्टीने त्यात एक उणीव आहे. त्याच्या अभिक्रियेत जस्ताचा एक आयन तयार होतो आणि तांब्याचा एकच आयन खर्च होतो, त्यामुळे घातांक लिहायचा राहिला तरी उत्तर बरोबर येते आणि विद्यार्थ्याला आपली चूक कळतच नाही. म्हणून या लेखात तांबे-चांदी घट घेतला आहे. त्यात एका बाजूला दोन धनप्रभारांचा आयन आहे आणि दुसऱ्या बाजूला एका धनप्रभाराचा, आणि संहती बदलल्यावर काय होते याचे जवळजवळ सगळे प्रकार या एकाच घटात पाहायला मिळतात.

गणित असे आहे. 298 K तापमानाला पुढील घटाचा विभव काढायचा आहे:

Cu(s) | Cu²⁺ (0.10 M) || Ag⁺ (0.010 M) | Ag(s)

E°(Cu²⁺/Cu) = +0.34 V
E°(Ag⁺/Ag) = +0.80 V

त्यानंतर आधी चांदीचे द्रावण दहापट विरल केले, मग तांब्याचे केले, मग दोन्ही केली, आणि शेवटी चांदीच्या द्रावणात मीठ टाकले, तर विभव प्रत्येक वेळी किती होईल हे सांगायचे आहे.

पहिली पायरी: घटाचे चिन्हांकन वाचणे

घट लिहिण्याच्या पद्धतीनुसार डावीकडे ॲनोड असतो, तिथे ऑक्सिडीकरण होते; उजवीकडे कॅथोड असतो, तिथे क्षपण होते. एक उभी रेघ म्हणजे धातू आणि द्रावण यांच्यामधली सीमा, आणि जोडरेघ म्हणजे क्षारसेतू. वरचे चिन्हांकन वाचून दोन अर्धअभिक्रिया अशा लिहाव्यात:

ॲनोड: Cu → Cu²⁺ + 2e⁻
कॅथोड: Ag⁺ + e⁻ → Ag

कधी कधी प्रश्नात चिन्हांकन दिलेले नसते, नुसती दोन प्रमाण विभवांची मूल्ये दिलेली असतात. अशा वेळी ज्याचे क्षपण विभव जास्त तो कॅथोड धरावा. चिन्हांकन दिलेले असेल, तर मात्र ते जसे आहे तसेच घ्यावे, मूल्ये पाहून बाजू बदलू नयेत. दिलेल्या क्रमाने उत्तर ऋण आले, तर ते ऋणच लिहायचे असते. त्याचा अर्थ काय, ते लेखाच्या शेवटच्या भागात येईल.

प्रयोगशाळेत हा घट जोडणाऱ्यांसाठी एक सूचना: येथे क्षारसेतूत नेहमीचे पोटॅशियम क्लोराइड घालू नये. सेतूतून झिरपणारे क्लोराइड आयन चांदीच्या आयनांशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप तयार करतात आणि चांदीची संहती मोजण्याआधीच बदलते. त्याऐवजी पोटॅशियम नायट्रेट किंवा अमोनियम नायट्रेट वापरावे.

दुसरी पायरी: प्रमाण विभव

E°घट = E°कॅथोड − E°ॲनोड = 0.80 − 0.34 = 0.46 V

येथे दोन्ही मूल्ये क्षपणाचीच ठेवून वजाबाकी करावी. काही विद्यार्थी आधी ॲनोडचे चिन्ह बदलून त्याला ऑक्सिडीकरण विभव म्हणतात आणि मग पुन्हा वजाबाकी करतात, त्यामुळे 0.80 − (−0.34) = 1.14 V असे उत्तर निघते. चिन्ह बदलायचे असेल तर बेरीज करावी, वजाबाकी करायची असेल तर चिन्ह बदलू नये. या दोहोंपैकी एकच पद्धत निवडून शेवटपर्यंत तीच वापरलेली बरी.

याच पायरीवर दुसरी एक चूक उत्तरपत्रिकांमध्ये फार दिसते. अभिक्रिया संतुलित करताना चांदीच्या समीकरणाला 2 ने गुणावे लागते, म्हणून 0.80 लाही 2 ने गुणले जाते. हे चुकीचे आहे, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले तर ही चूक पुन्हा होत नाही. विभव म्हणजे प्रत्येक एकक प्रभारामागे मिळणारी ऊर्जा. दुप्पट इलेक्ट्रॉन वाहिले तर एकूण ऊर्जा दुप्पट होते, पण प्रभारही दुप्पट होतो, आणि दोहोंचे गुणोत्तर तेवढेच राहते. ΔG° = −nFE° या सूत्रात ΔG° आणि n दोन्ही दुप्पट होतात, E° जागच्या जागी राहतो.

तिसरी पायरी: संतुलित समीकरण आणि n

चांदीची अर्धअभिक्रिया दोनदा घेतली की इलेक्ट्रॉन जुळतात:

Cu(s) + 2Ag⁺(aq) → Cu²⁺(aq) + 2Ag(s)

समीकरण असे लिहिले असता 2 इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते, म्हणून n = 2. इथे "n म्हणजे धातूची संयुजा" असे पाठ करून ठेवलेला विद्यार्थी गोंधळतो, कारण तांब्याची 2 आणि चांदीची 1 अशा दोन संयुजा समोर असतात. n हा संतुलित केलेल्या पूर्ण अभिक्रियेत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आकडा आहे. संतुलन करताना जेवढे इलेक्ट्रॉन रद्द केले तेवढा n.

चौथी पायरी: अभिक्रिया भागफल Q

वाल्टर नर्न्स्ट यांनी 1889 मध्ये विभव आणि संहती यांचा संबंध मांडला. 298 K तापमानाला, लॉग 10 च्या पायावर घेऊन, तो असा लिहितात:

E = E° − (0.0592 / n) log Q

यातला 0.0592 हा आकडा 2.303RT/F या राशीतून आलेला आहे. R, T आणि F यांच्या किमती घालून तो स्वतः एकदा काढून पाहावा. काही पुस्तके 0.0591 लिहितात आणि काही 0.059 वर थांबतात. फरक तिसऱ्या किंवा चौथ्या दशांशात पडतो, म्हणून प्रश्नपत्रिकेत जो आकडा दिला असेल तोच वापरावा. तापमान 298 K नसेल, तर हा आकडा चालत नाही. T ची नवी किंमत घालून तो पुन्हा काढावा लागतो, आणि E° सुद्धा त्याच तापमानाचा दिलेला असावा लागतो.

Q लिहिताना उत्पादितांच्या संहती वर आणि अभिकारकांच्या खाली येतात, आणि प्रत्येकीवर संतुलित समीकरणातला तिचा सहगुणक घातांक म्हणून चढतो. तांबे आणि चांदी हे घन धातू Q मध्ये येत नाहीत; पट्टी मोठी घेतली की छोटी, याने विभव बदलत नाही. म्हणून

Q = [Cu²⁺] / [Ag⁺]²

= 0.10 / (0.010)² = 0.10 / 0.00010 = 1000

संपूर्ण गणितात सर्वांत जास्त गुण या खालच्या वर्गावर जातात. वर्ग विसरला तर Q = 0.10/0.010 = 10 येतो, log Q 3 ऐवजी 1 होतो आणि उत्तर 0.0592 V ने चुकते. म्हणून मी विद्यार्थ्यांना आकडे घालण्याआधी Q अक्षरांत लिहायला लावतो.

पाचवी पायरी: आकडे घालणे आणि पडताळणे

log 1000 = 3, म्हणून

E = 0.46 − (0.0592/2) × 3 = 0.46 − 0.0888 = 0.371 V

हे उत्तर बरोबर आहे की नाही, ते दुसऱ्या वाटेने तपासता येते. घटाचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक अर्धघटाचा विभव वेगळा काढावा. क्षपण विभवासाठी नर्न्स्टचे समीकरण असे होते:

E(Ag) = 0.80 + 0.0592 log 0.010 = 0.80 − 0.1184 = 0.6816 V
E(Cu) = 0.34 + 0.0296 log 0.10 = 0.34 − 0.0296 = 0.3104 V

दोहोंची वजाबाकी 0.6816 − 0.3104 = 0.3712 V. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. या दुसऱ्या वाटेत चांदीसाठी n = 1 आणि तांब्यासाठी n = 2 घेतलेला आहे, कारण येथे प्रत्येक अर्धअभिक्रिया स्वतंत्रपणे हाताळली आहे. पहिल्या वाटेतला वर्ग आणि या वाटेतला n = 1 हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत: 0.0592/2 ला वर्गामुळे आलेल्या 2 ने गुणले की 0.0592 हाच आकडा मिळतो. ज्यांना वर्ग विसरण्याची सवय आहे, त्यांनी कच्च्या कामात ही दुसरी वाट जरूर वापरावी.

उत्तराची दिशाही पाहून घ्यावी. Q हा 1 पेक्षा मोठा असेल तर E हा E° पेक्षा कमी यायला हवा. Q लहान असेल तर जास्त. आपला Q 1000 आहे आणि विभव 0.46 वरून 0.371 वर उतरला आहे, म्हणजे दिशा बरोबर आहे.

येथे लॉगविषयी थोडे थांबले पाहिजे. आपल्या घटात Q नेमका 1000 आला, कारण मी आकडे तसे निवडले. परीक्षेत ते असे सरळ येत नाहीत. समजा दुसऱ्या एखाद्या गणितात Q = 0.002 आला. लॉग सारणीतून त्याचा पूर्णांश बार 3 आणि अपूर्णांश 0.3010 मिळतो. बार फक्त पूर्णांशावर असतो, अपूर्णांश धनच राहतो. म्हणून खरी किंमत −3 + 0.3010 = −2.6990 आहे. बारचे चिन्ह संपूर्ण संख्येला लावून −3.3010 लिहिले की विभवात n = 2 असताना जवळजवळ 0.018 V ची चूक शिरते. ही चूक मोठी दिसत नाही, म्हणूनच ती पडताळणीतही निसटते. बारची संख्या कोणत्याही आकड्याने गुणण्याआधी साध्या ऋण संख्येत बदलून घ्यावी.

संहती बदलली तर: विरल करण्याचे तीन प्रसंग

आता चांदीच्या भागातल्या द्रावणात पाणी घालून त्याची संहती 0.010 M वरून 0.0010 M केली, तांब्याची 0.10 M तशीच ठेवली.

Q = 0.10 / (0.0010)² = 1.0 × 10⁵
E = 0.46 − 0.0296 × 5 = 0.312 V

विभव 0.0592 V ने घसरला. कारण असे की चांदीचे आयन अभिकारक आहेत. ते कमी झाले की पुढे जाण्याची अभिक्रियेची ओढ कमी होते.

दुसऱ्या प्रसंगात चांदीची संहती पूर्वीसारखी 0.010 M ठेवून तांब्याची 0.10 M वरून 0.010 M केली.

Q = 0.010 / (0.010)² = 100
E = 0.46 − 0.0296 × 2 = 0.4008 V, म्हणजे सुमारे 0.401 V

विभव वाढला, आणि केवळ 0.0296 V ने वाढला. तांब्याचे आयन उत्पादित आहेत, ते काढून घेतले की अभिक्रिया पुढे सरकायला अधिक तयार होते. पण दोन्ही प्रसंगांत विरल तर दहापटच केले, तरी एका बाजूला विभव दुप्पट सरकला, आणि हे या घटाचे वैशिष्ट्य आहे. चांदीच्या आयनावर एकच प्रभार आहे, म्हणून दर दहापटीमागे त्याचा अर्धघट 59.2 मिलिव्होल्टने सरकतो. तांब्याच्या आयनावर दोन प्रभार आहेत, म्हणून तो 29.6 मिलिव्होल्टने सरकतो. हे दोन आकडे लक्षात असले तर बहुपर्यायी प्रश्नात लेखणी न उचलता उत्तर सांगता येते.

तिसऱ्या प्रसंगात दोन्ही द्रावणे दहापट विरल केली: तांबे 0.010 M, चांदी 0.0010 M. बरेच विद्यार्थी येथे "दोन्हीकडे सारखाच बदल झाला, म्हणून विभव बदलणार नाही" असे लिहितात. जस्त-तांबे घटात ते खरेही आहे, कारण तिथे Q म्हणजे दोन संहतींचे साधे गुणोत्तर असते आणि दहाने दहा कटतात. आपल्या घटात मात्र

Q = 0.010 / (0.0010)² = 1.0 × 10⁴
E = 0.46 − 0.0296 × 4 = 0.3416 V, म्हणजे सुमारे 0.342 V

मूळच्या 0.371 पेक्षा विभव 0.0296 V ने कमी झाला. चांदीमुळे झालेली 59.2 मिलिव्होल्टची घट आणि तांब्यामुळे झालेली 29.6 मिलिव्होल्टची वाढ यांची ही बेरीज आहे.

विरल करण्याच्या प्रश्नात भाषाही काळजीपूर्वक वाचावी. "10 mL द्रावणात 90 mL पाणी घातले" म्हणजे दहापट विरल. "10 mL मध्ये 100 mL पाणी घातले" म्हणजे अकरापट. आणि विद्युतअग्राची पट्टी अर्धी कापली किंवा द्रावण अर्धे ओतून टाकले, तर संहती बदलत नाही, म्हणून विभवही बदलत नाही. घट किती वेळ चालेल एवढेच त्याने बदलते.

उलटे गणित: विभवावरून संहती

हाच घट जोडून विभव 0.400 V मोजला, तांब्याची संहती 0.10 M माहीत आहे, आणि चांदीची काढायची आहे, असाही प्रश्न विचारतात.

0.400 = 0.46 − 0.0296 log Q
log Q = 0.06 / 0.0296 = 2.027
Q = 106 (सुमारे)

Q काढून काम संपत नाही. Q = [Cu²⁺]/[Ag⁺]², म्हणून

[Ag⁺]² = 0.10 / 106 = 9.4 × 10⁻⁴
[Ag⁺] = 0.031 M

शेवटचे वर्गमूळ घ्यायचे राहून गेले तर उत्तर 9.4 × 10⁻⁴ M असे येते आणि तेही दिसायला पटण्यासारखे असते. म्हणून ते परत तपासावे. 0.031 M ही मूळच्या 0.010 M पेक्षा जास्त आहे, आणि विभवही 0.371 वरून 0.400 वर चढलेला आहे; अभिकारक वाढला, विभव वाढला, म्हणजे दिशा जुळली. 9.4 × 10⁻⁴ M हे उत्तर आले असते तर चांदी कमी होऊनही विभव वाढला असे म्हणावे लागले असते, आणि ते शक्य नाही.

उलट्या गणितात लॉगचा प्रतिलॉग घ्यावा लागतो, त्यामुळे विभवातली लहानशी चूक संहतीत मोठी होऊन दिसते. विभव मोजण्यात केवळ 0.003 V चा फरक पडला तरी चांदीची संहती सुमारे 12 टक्क्यांनी बदलते. मल्टिमीटरचे वाचन तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर झाल्याशिवाय असे गणित करू नये.

मीठ टाकल्यावर काय होते

आता शेवटचा आणि सर्वांत रंजक भाग. मूळ घटाच्या चांदीच्या भागात 100 mL द्रावण आहे असे समजू, आणि त्यात 0.011 मोल, म्हणजे सुमारे 0.64 ग्रॅम, घन सोडियम क्लोराइड टाकले. मीठ टाकल्याने आकारमान बदलत नाही असे धरू.

घाईत येथे असे लिहिले जाते की सोडियम आणि क्लोराइड आयन अभिक्रियेत नाहीत, म्हणून Q बदलत नाही. क्लोराइड Q मध्ये दिसत नाही हे खरे, पण ते चांदीचे आयन पकडून ठेवते. 100 mL मध्ये चांदीचे 0.0010 मोल आयन आहेत. ते जवळजवळ सगळे सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतात आणि तेवढेच क्लोराइड खर्च होते. उरते 0.010 मोल क्लोराइड, म्हणजे संहती 0.10 M. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰ आहे, म्हणून द्रावणात उरलेली चांदी

[Ag⁺] = 1.8 × 10⁻¹⁰ / 0.10 = 1.8 × 10⁻⁹ M

नर्न्स्टच्या समीकरणात हीच संहती घालायची. बाटलीवर लिहिलेली 0.010 M आता तिथे राहिलेली नाही; समीकरणाला अग्राजवळ प्रत्यक्ष मोकळे असलेले आयनच कळतात.

Q = 0.10 / (1.8 × 10⁻⁹)² = 0.10 / (3.24 × 10⁻¹⁸) = 3.09 × 10¹⁶
log Q = 16.49
E = 0.46 − 0.0296 × 16.49 = 0.46 − 0.488 = −0.028 V

विभव ऋण झाला. याचा अर्थ गणित चुकले असा नाही. लिहिलेली अभिक्रिया आता आपोआप पुढे जाणार नाही, तिची उलट अभिक्रिया जाईल: चांदी विरघळून क्लोराइडसह सिल्व्हर क्लोराइड होईल आणि दुसऱ्या भांड्यात तांबे पट्टीवर जमा होईल. मल्टिमीटरच्या तारा न बदलता ठेवल्या तर पडद्यावर वजाचे चिन्ह उमटते. ज्या चांदीला आपण तांब्यापेक्षा नेहमी "उदात्त" म्हणतो, तिनेच मीठभरल्या द्रावणात तांब्याला इलेक्ट्रॉन द्यावेत, ही गोष्ट पहिल्यांदा पाहताना विद्यार्थी मीटर बिघडला आहे असेच समजतात.

हे उत्तर तपासायला समतोल स्थिरांक उपयोगी पडतो. समतोलाला E = 0 असतो, म्हणून

log K = nE°/0.0592 = (2 × 0.46)/0.0592 = 15.54
K ≈ 3.5 × 10¹⁵

आपला Q, 3.09 × 10¹⁶, हा K पेक्षा मोठा आहे. Q जेव्हा K ला ओलांडतो तेव्हाच विभव ऋण होतो. तांबे 0.10 M असताना Q आणि K समान होण्यासाठी चांदीची संहती साधारण 5 × 10⁻⁹ M वर यावी लागते. नुसते पाणी घालत गेलो तर 0.010 M चे द्रावण जवळजवळ वीस लाख पट विरल करावे लागेल. चिमूटभर मीठ ते काम क्षणात करते. यामुळेच परीक्षक पाण्याऐवजी अवक्षेप किंवा संकुल तयार करणारा पदार्थ टाकलेला प्रश्न पसंत करतात. तांब्याच्या बाजूला अमोनिया टाकला तर गडद निळे संकुल तयार होऊन मोकळे तांबे कमी होते आणि विभव उलट वाढतो. विचार तोच, फक्त या वेळी उत्पादित काढून घेतले जाते.

समीकरण कुठे थांबते

या सगळ्या गणितात संहती आणि सक्रियता एकच मानल्या आहेत. 0.001 M च्या आसपास हे बऱ्यापैकी चालते, 0.10 M तांब्याच्या द्रावणात मात्र दोन प्रभारांचे आयन शेजारच्या ऋण आयनांनी वेढलेले असतात आणि त्यांची परिणामकारक संहती बाटलीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. प्रयोगशाळेत 0.371 च्या ऐवजी काही मिलिव्होल्ट इकडचे-तिकडचे वाचन आले, तर त्याचे पहिले कारण हे असते. त्याखेरीज क्षारसेतूच्या टोकांना एक छोटासा विभव तयार होतो, आणि पट्टी घासून स्वच्छ केली नसेल तर ऑक्साइडचा थरही वाचन हलवतो.

घटातून विद्युतधारा काढत असताना मोजलेला विभवही नर्न्स्टच्या उत्तराशी जुळत नाही. हे समीकरण धारा शून्य असतानाचे आहे. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध मोठा असल्याने तो नगण्य धारा घेतो आणि त्याचे वाचन चालते. पण त्याच घटावर छोटा दिवा जोडून मोजले की विभव लगेच खाली दिसतो, आणि संहती अजून बदललेली नसताना तो उतरलेला असतो.

आणि एखाद्या प्रश्नात उत्पादिताची संहती सुरुवातीला शून्य दिली असेल, तर आकडे घालू नयेत. log 0 ला किंमत नाही. शुद्ध पाण्यात तांब्याची पट्टी बुडवली तरी धातूचे थोडेसे आयन द्रावणात येतातच, पण ते किती हे समीकरणाला सांगता येत नाही, आणि अशा द्रावणातले वाचन मिनिटागणिक सरकत राहते.